उद्योजकाच्या नावानं पोस्ट लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहते आणि वागळे इस्टेट, रबाळे, महापे या पट्ट्यातल्या छोट्या-मध्यम कारखानदारांसाठी लिंक्डइनवरच्या पोस्ट लिहिते. पोस्टवर नाव त्यांचं असतं. हे प्रश्न मला उद्योजकही विचारतात आणि या कामात येऊ पाहणारी मुलंमुलीही. म्हणून काही उत्तरं कारखानदारांसाठी आहेत, काही लिहिणाऱ्यांसाठी.

दुसऱ्यानं लिहायचं आणि नाव आपलं लावायचं, ही फसवणूक नाही का?

पोस्टमध्ये काय कोणाचं आहे, यावर ते अवलंबून आहे. मत, घडलेला प्रसंग आणि केलेला दावा या तीन गोष्टी उद्योजकाच्याच असायला हव्यात. वाक्यरचना, क्रम, काय गाळायचं आणि कुठे थांबायचं हे माझं काम. चार दशकं यंत्रांत काढलेल्या माणसाला लिहायला बसलं की हात जड होतो, म्हणून तो माझ्याकडे येतो. त्याला मतं नसतात असं नाही.

प्रसंग मी रचला, किंवा कुठेतरी वाचलेलं मत त्याच्या तोंडी घातलं, तर मात्र ती फसवणूकच. वाचणारा त्या माणसावर विश्वास ठेवून वाचत असतो. उद्या तोच वाचणारा त्याला ऑर्डर देईल, त्याच्याकडे नोकरी मागेल. म्हणून माझ्याकडे एक नियम आहे: पोस्टमधलं प्रत्येक विधान ध्वनिमुद्रणात कुठे आहे, हे मला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

मुलाखत कशी घेता? आम्ही मुद्दे ईमेलनं पाठवले तर चालेल?

मुद्दे पाठवा, पण त्यांवरून पोस्ट होत नाही. लिहून पाठवलेल्या मुद्द्यांत माणूस आधीच सावरून बसलेला असतो. ‘गुणवत्तेशी तडजोड नाही’, ‘ग्राहक हाच केंद्रबिंदू’ अशी वाक्यं येतात आणि ती कोणाचीही असू शकतात. मला तो माणूस बोलताना ऐकायचा असतो, शक्यतो त्याच्या कारखान्यात. केबिनमध्ये तो मालक असतो. शॉपफ्लोरवर तो कशाकडे बघतो, कोणाला हाक मारतो, कुठल्या टेबलापाशी थांबतो, यावरून पुढचे प्रश्न सुचतात.

साधारण पाऊण ते एक तास पुरतो. मुद्रण करण्याआधी परवानगी घेते आणि कुठलाही भाग नंतर ‘हे बाहेर नको’ म्हणून काढता येईल, असं सुरुवातीलाच सांगते. एवढं सांगितलं की माणूस मोकळा बोलतो. मशीनचा आवाज असतो, म्हणून फोन टेबलावर न ठेवता त्यांच्या खिशाजवळ कॉलर माइक लावते.

‘नेतृत्वाबद्दल तुमचे विचार काय’ हा प्रश्न मी कधीच विचारत नाही. त्याला भाषणच मिळतं. मी विचारते: गेल्या महिन्यात राग कधी आला? फोन कोणाला केला? समोर कुठला कागद होता, दाखवता का? तुमच्याच धंद्यातला कोण माणूस याला ‘चूक’ म्हणेल आणि का? या शेवटच्या प्रश्नाला उत्तर आलं, तर पोस्टला मत आहे असं समजावं. ‘कोणीच चूक म्हणणार नाही’ असं उत्तर आलं, तर तो विषय सोडून पुढे जायचं.

कागद मागण्याला मी फार महत्त्व देते. चलान, पीओ म्हणजे खरेदीदाराची लेखी ऑर्डर, जुनी डायरी, कोटेशनवर पेन्सिलीनं केलेली आकडेमोड, काहीही. कागद हातात आला की माणूस ‘साधारणपणे’ बोलणं सोडतो आणि त्या एका दिवसाबद्दल बोलू लागतो.

‘आवाज’ म्हणजे नेमकं काय? त्यांचे आवडते शब्द वापरले की झालं?

नाही. नव्या लेखकांची इथेच गफलत होते. साहेब दर दोन वाक्यांनी ‘हे बघा’ म्हणतात, म्हणून पोस्टमध्ये चार ‘हे बघा’ पेरले की ती नक्कल होते, आणि नक्कल आधी त्यांच्या घरच्यांना कळते.

मी पहिल्यांदा बघते तो क्रम. माणूस सुरुवात कुठून करतो? काही जण आकड्यापासून करतात, काही तक्रारीपासून, काही थेट ‘परवा काय झालं’ म्हणून. मग कारण आधी सांगतो की परिणाम आधी? काही लोक शेवट आधी सांगून टाकतात आणि मग मागे येतात. अशा माणसाची पोस्ट उत्कंठा वाढवत नेली, तर शब्द सगळे त्याचे असूनही ती त्याची वाटत नाही.

दुसरं म्हणजे, तो मोजतो कशात. कोणी टक्क्यांत बोलतं, कोणी दिवसांत, कोणी माणसांच्या पगारात. दिवसांत मोजणाऱ्या माणसाच्या पोस्टमध्ये मी टक्क्यांचा तक्ता घालत नाही.

तिसरं, तो बोलतो कोणाला. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एक माणूस असतो: खरेदी खात्यातला अधिकारी, स्वतःचा मुलगा, नुकताच डिप्लोमा करून आलेला इंजिनिअर. हे कळलं की किती समजावून सांगायचं आणि किती गृहीत धरायचं, ते आपोआप ठरतं.

आणि चौथं, तो काय बोलत नाही. एक उद्योजक भागीदारांबद्दल कधीच वाईट बोलत नाहीत, सोडून गेलेल्याबद्दलही नाही. त्यांच्या पोस्टमध्ये मी ‘मला एकट्याला सोडलं’ असं लिहिलं असतं, तर वाक्य प्रभावी झालं असतं आणि माणूस खोटा पडला असता.

हे सगळं मी प्रत्येकासाठी एका पानावर लिहून ठेवते आणि नव्या मुलाखतीनंतर त्यात भर घालते. पान मोठं होऊ देत नाही. लिहिताना ते समोर ठेवता आलं पाहिजे.

एखादं खरं उदाहरण सुरुवातीपासून दाखवाल का?

दाखवते. वागळे इस्टेटमध्ये इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेल बनवणारे एक उद्योजक आहेत. त्यांच्या परवानगीनं, ओळख पटेल असे तपशील काढून सांगते. विषय त्यांनीच दिला होता: मोठ्या कंपन्यांकडून उशिरा येणारे पैसे. विषय जुना, त्यावर रोज कोणीतरी लिहितं. मुलाखतीत ते जे बोलले त्याचा हा तुकडा, जसाच्या तसा:

> ‘हे बघा, पंचेचाळीस दिवस, पंचेचाळीस दिवस सगळे करतात. कायद्यातच लिहिलंय पंचेचाळीस. अहो, पण मोजायला कधी लागायचं? माल आम्ही सोमवारी उतरवला. चलानवर त्यांच्या गेटचा शिक्का आहे, हा बघा. जीआरएन झाला अठरा दिवसांनी. का? तर स्टोअरचा माणूस रजेवर. मग त्यांचं अकाउंट्स म्हणतं, आमच्याकडे तर आजच आला माल. म्हणजे माझे अठरा दिवस गेले कुठे? मी मुलाला सांगितलं, यापुढे चलानचा फोटो आल्याशिवाय गेटवरून गाडी हलवायची नाही. ड्रायव्हर चिडतो, चिडू दे.’

जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची, खरेदीदाराच्या स्टोअरनं करायची नोंद. पॅनेलच्या धंद्यात पीओवर पैशांची मुदत बहुतेकदा तिथून मोजलेली असते.

हे ऐकून नवशिका लेखक काय लिहील, तेही देते, कारण असे मसुदे मला दाखवायला नेहमी येतात:

> ‘लघुउद्योग हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा आहे. मात्र वेळेवर पैसे न मिळाल्यामुळे अनेक उद्योजकांना अडचणींचा सामना करावा लागतो. माझ्या प्रवासात मी तीन गोष्टी शिकलो: संवाद, नियोजन आणि चिकाटी.’

यात खोटं काही नाही. पण तो माणूस यात कुठेच नाही. त्याचा राग गेला, चलान गेलं, ड्रायव्हर गेला. आणि सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे त्याचं मत गेलं. बाकीचे सगळे ४५ दिवसांवर वाद घालत असताना हा माणूस म्हणत होता की भांडण मोजणी कुठून सुरू होते याचं आहे. तेवढ्या एका मतासाठी पोस्ट लिहायची होती.

मी त्यांना आणखी दोन प्रश्न विचारले. पहिला: ‘हे अठरा दिवस तुम्हाला कितीला पडतात?’ त्यांनी कॅल्क्युलेटर ओढला. दहा लाखांचं बिल धरलं, सीसीवर, म्हणजे बँकेच्या खेळत्या भांडवलाच्या कर्जावर, १२ टक्के व्याज धरलं, १८ दिवसांचे साधारण ५,९०० रुपये आले. आकडा बघून ते म्हणाले, ‘हेल्परचा दहा-बारा दिवसांचा पगार झाला हा.’ दुसरा प्रश्न: ‘मग तक्रार का करत नाही?’ त्यावर ते जरा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘मोठ्या कंपनीशी भांडायची माझी ऐपत नाही. मला फक्त तारीख लिहून ठेवायची आहे.’

शेवटी गेलेली पोस्ट अशी:

> सगळे ४५ दिवसांबद्दल बोलतात. मला एवढंच विचारायचंय, मोजायला कधी लागायचं?
>
> आमचं एक पॅनेल सोमवारी ग्राहकाच्या गेटवर उतरलं. चलानवर त्यांचाच शिक्का. जीआरएन झाला १८ दिवसांनी. का, तर स्टोअरचा माणूस रजेवर. अकाउंट्सच्या हिशेबात माल त्या दिवशी आला.
>
> दहा लाखांचं बिल धरा. सीसीवर १२ टक्के व्याज धरा. १८ दिवसांचे साधारण ५,९०० रुपये होतात. एका हेल्परचा दहा-बारा दिवसांचा पगार.
>
> कायद्याप्रमाणे माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर माल पोचला तोच स्वीकारल्याचा दिवस. मोजणी तिथून. पण हे दाखवायला माझ्याकडे कागद नको का?
>
> म्हणून शिक्का मारलेल्या चलानचा फोटो आल्याशिवाय आता आमची गाडी गेटवरून हलत नाही. ड्रायव्हर चिडतो. चिडू दे.
>
> मोठ्या कंपनीशी भांडायची माझी ऐपत नाही. मला फक्त तारीख लिहून ठेवायची आहे.

बघा, ‘हे बघा’ एकदाही आलेलं नाही. तरी त्यांच्या मुलानं वाचून सांगितलं की बाबा असेच बोलतात. कारण क्रम त्यांचा आहे: आधी प्रश्न, मग प्रसंग, मग हिशेब, मग आपण काय केलं. शेवटचं वाक्य मुलाखतीत बरंच उशिरा आलं होतं. ते शेवटी नेणं एवढाच माझा हात. ते मी ‘दस्तऐवजीकरण महत्त्वाचं आहे’ असं सारवून टाकलं असतं, तर पोस्ट तिथेच मेली असती.

उद्योजकानं सांगितलेली माहिती चुकीची निघाली तर?

वरच्याच उदाहरणात ती निघाली. ते म्हणाले, ‘कायद्यातच लिहिलंय पंचेचाळीस.’ त्यांच्यासारखे खूप जण असंच म्हणतात. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ मध्ये कलम १५ असं सांगतं की लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेपर्यंत पैसे द्यायचे, आणि ती तारीख माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. लेखी करार नसेल, तर मुदत १५ दिवसांचीच. म्हणजे ४५ ही कमाल मर्यादा झाली. आणि हे संरक्षण सूक्ष्म व लघु पुरवठादारांना आहे, मध्यमांना नाही.

आता लेखकानं काय करायचं? गुपचूप दुरुस्त करून टाकायचं नाही. मी कलमं वाचली, ‘स्वीकारल्याचा दिवस’ याची व्याख्या बघितली आणि त्यांना फोन केला. म्हटलं, तुम्ही म्हणता त्यापेक्षा कायदा तुमच्या बाजूनं जास्त आहे: १५ दिवसांत लेखी हरकत नसेल तर माल पोचल्याचा दिवसच धरतात, आणि हरकत आलीच तर ती दूर झाल्याचा दिवस. त्यांनी त्यांच्या सीएंना विचारलं. सीएंनी होकार दिल्यावरच ते वाक्य पोस्टमध्ये आलं. ‘कायद्यातच लिहिलंय पंचेचाळीस’ हे वाक्य गेलं, मत होतं तसंच राहिलं.

फोन का महत्त्वाचा? पोस्टखाली एखादा वकील किंवा खरेदी अधिकारी प्रश्न विचारणारच. तेव्हा उत्तर त्यांना द्यायचं आहे. जी दुरुस्ती त्यांना माहीतच नाही, तिचा बचाव ते कसा करणार?

आठवणीतल्या गोष्टींचंही असंच आहे. ‘आमची पहिली ऑर्डर ऐंशी हजारांची’ असं माणूस मनापासून सांगतो आणि जुन्या बिलावर वेगळाच आकडा असतो. बिल मिळालं तर बिलावरचा आकडा घ्यायचा. मिळालं नाही तर ‘पहिली छोटी ऑर्डर’ एवढंच लिहायचं. गोल आकडा छान दिसतो म्हणून ठेवायचा नाही.

त्यांचं मत मला पटत नसेल तर मी लिहावं का?

पटणं ही अट नाही. समजणं ही अट आहे. कामगार कंत्राटी ठेवावेत की कायम, वर्क फ्रॉम होम चालावं की नाही, यांवर माझी मतं माझ्या ग्राहकांपेक्षा वेगळी आहेत आणि ती त्यांच्या पोस्टमध्ये शिरता कामा नयेत. ती चोरपावलानं शिरतात. ‘अर्थात, दुसरी बाजूही आहे’ असं एक मवाळ वाक्य लेखक आपल्या समाधानासाठी घालतो. त्या माणसानं दुसरी बाजू मानलेली नसेल, तर ते वाक्य काढून टाका. आक्षेप असेल तर मुलाखतीत विचारा, म्हणजे उत्तर त्याचं येईल आणि पोस्टही बळकट होईल.

जात, धर्म किंवा बायकांना कमी लेखणारं, कोणाची बदनामी करणारं असं मी लिहीत नाही. तसं स्पष्ट सांगते आणि काम सोडते.

आणि मतच नसेल तर?

मग पोस्ट नको. असं खरोखर होतं: दर आठवड्याला काहीतरी गेलं पाहिजे म्हणून कॅलेंडर भरायचं ठरतं, आणि तिसऱ्या महिन्यात महिला दिन, अभियंता दिन, पावसाळा यांवर पोस्ट सुरू होतात. विषय संपले की मी पुन्हा शॉपफ्लोरवर जाते. तिथेही काही नसेल तर त्या महिन्यात एकच पोस्ट जाते.

गोष्टीत आमचे ग्राहक आणि कामगार येतात. त्यांचं काय?

हा प्रश्न उद्योजकांनी जास्त वेळा विचारायला हवा. ग्राहकाचं नाव न घेणं पुरत नाही. धंदा, गाव आणि महिना एवढं एकत्र आलं की तळोज्यातले दहा लोक ओळखतात. पॅनेलवाल्यांच्या मुलाखतीत खरेदीदार कुठल्या धंद्यातला आणि कुठल्या एमआयडीसीतला, दोन्ही होतं. मी ते काढलं. त्याजागी दुसरा धंदा किंवा दुसरं गाव घातलं नाही. तपशील गाळावा, बदलू नये. बदललेला तपशील म्हणजे रचलेला प्रसंग.

बिलाची खरी रक्कमही गाळली, म्हणूनच तिथे ‘दहा लाखांचं बिल धरा’ असं आहे. आणि त्या बिलाचे पैसे जमा होईपर्यंत पोस्ट थांबवून ठेवली. अडकलेला पैसा असताना त्याच ग्राहकाबद्दल लिहिणं म्हणजे दबाव टाकणं झालं असतं, आणि उद्योजकाला ते परवडलंही नसतं. पीओच्या मागच्या बाजूला छापलेल्या अटी वाचायला विसरू नका. गोपनीयतेचं कलम बहुतेकदा तिथेच असतं.

कामगाराचा प्रसंग असेल तर त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवायचा आणि विचारायचं. मालकासमोर विचारलं तर तो ‘हो’च म्हणेल, म्हणून मी एकटी असताना विचारते. थोडं जरी अवघडलेपण दिसलं, तरी प्रसंग काढते.

कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, एसएमई मंचावर असली तरी, तर नवीन ऑर्डर, क्षमतावाढ, विक्रीचा अंदाज यांतलं काहीही पोस्टमध्ये जाण्याआधी कंपनी सेक्रेटरींना दाखवा. जाहीर न झालेली, भावावर परिणाम करणारी माहिती सेबीच्या नियमांखाली येते.

आम्ही बोलतो मराठी-हिंदी-इंग्रजी मिसळून. मुलाखत कुठल्या भाषेत?

ज्या भाषेत तुम्ही शॉपफ्लोरवर रागावता, त्या भाषेत. पोस्ट इंग्रजीत हवी असली तरी मुलाखत इंग्रजीत घेत नाही, कारण इंग्रजी बोलू लागलेला माणूस सेमिनारमध्ये शिरतो. इंग्रजी पोस्टमध्येही चलान, सीसी, हेल्पर हे शब्द तसेच ठेवते. ज्यांच्यासाठी पोस्ट आहे त्यांना ते कळतात.

मसुदा किती जणांनी तपासावा?

उद्योजकानं, आणि वस्तुस्थितीपुरता सीए किंवा वकील यांनी. बस.

मार्केटिंगमधली व्यक्ती, भागीदार, परदेशात एमबीए करून आलेली मुलगी अशा चौघांकडे मसुदा गेला की प्रत्येक जण एक टोक घासून देतो. कोणी म्हणतं, ‘ऐपत नाही’ हे कमीपणाचं वाटतं, ‘आम्ही सहकार्यावर विश्वास ठेवतो’ असं करा. कोणी ड्रायव्हर काढायला सांगतं, कारण तो ‘ब्रँडशी जुळत नाही’. सगळ्यांचा हेतू चांगला असतो. पण चार दुरुस्त्यांनंतर नवशिक्याचा तो पहिला मसुदाच परत हातात येतो.

म्हणून मी दुरुस्त्या लेखी घेत नाही. मसुदा फोनवर उद्योजकाला वाचून दाखवते आणि ऐकत राहते. ‘मी असं म्हणणार नाही’ असं म्हटलं की लगेच विचारते, ‘मग कसं म्हणाल?’ आणि ते जे म्हणतात तेच लिहिते. ‘छान झालंय’ एवढंच उत्तर आलं तर मला काळजी वाटते. स्वतःचं बोलणं कानावर पडलं की माणूस त्यात काहीतरी भर घालतोच: ‘अहो, त्या दिवशी पाऊसही होता.’ ही भर आली की समजावं, मसुदा त्याला आपला वाटला.

पोस्ट किती मोठी असावी?

लिंक्डइन एका पोस्टला ३,००० अक्षरखुणांपर्यंत जागा देतं, रिकाम्या जागा धरून. वरची पॅनेलची पोस्ट त्याच्या अर्ध्याहूनही कमी आहे. फीडमध्ये सुरुवातीच्या दोन-तीन ओळीच दिसतात, म्हणून त्यांच्या मताचा काटा तिथे हवा. त्यासाठी खोटी उत्सुकता निर्माण करायची गरज नाही. ‘मोजायला कधी लागायचं?’ हा प्रश्न ते तसाही पहिलाच विचारतात.

लिहिलेल्या मजकुराचे हक्क कोणाचे?

लेखी काही ठरलं नसेल तर, बाहेरून काम करणाऱ्या लेखकाचे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ नुसार पहिला मालक लेखक असतो. कंपनीत पगारावर असलेल्यानं नोकरीचा भाग म्हणून लिहिलं, तर मालकी कंपनीकडे जाते. म्हणून फ्रीलान्स लेखकाशी हक्क हस्तांतराचा करार करा. तो लेखी आणि लेखकाच्या सहीचा लागतो. त्यात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा, कारण कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षांचीच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. लिंक्डइनवरची पोस्ट भारतापुरती कशी राहील?

हक्क दिल्यावरही ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा लेखकाचा अधिकार कलम ५७ मध्ये वेगळा ठेवलेला आहे. म्हणून गोपनीयता हवी असेल तर तीही स्पष्ट शब्दांत लिहा. माझ्या करारात आणखी एक ओळ असते: ध्वनिमुद्रण आणि त्याचा उतारा उद्योजकाच्या मालकीचा, काम संपल्यावर माझ्याकडून पुसला जाईल. त्या मुद्रणात पोस्टमध्ये न आलेलं कितीतरी असतं.

प्रतिक्रियांना उत्तर कोण देणार?

उद्योजक, स्वतः, स्वतःच्या फोनवरून, चुकीच्या शुद्धलेखनासकट. याबाबत मी तडजोड करत नाही. उत्तर देण्यासाठी त्यांना मला फोन करावा लागला, तर पोस्टमध्ये माझं काहीतरी शिरलं आहे असं मी धरते आणि ते कुठे, हे मुद्रण काढून शोधते.

पॅनेलच्या पोस्टखाली एका खरेदी अधिकाऱ्यानं लिहिलं की तपासणी झाल्याशिवाय आम्ही माल स्वीकारला असं कसं म्हणायचं, आणि गेटचा शिक्का म्हणजे स्वीकार नव्हे. हरकत रास्त होती. पॅनेलवाल्यांनी मला न विचारता उत्तर दिलं: तपासणी जरूर करा, खोट सापडली तर पंधरा दिवसांत लेखी कळवा, आम्ही माणूस पाठवतो, पण तपासणीचा माणूस रजेवर असेल तर ते दिवस माझ्या खात्यात टाकू नका. त्या दोघांचं पुढे बरंच बोलणं झालं. तपासणी आणि स्वीकार यांतला फरक हा त्यांच्या पुढच्या पोस्टचा विषय ठरला आणि त्यासाठी ते जुन्या तपासणी अहवालांची फाइल काढून ठेवणार आहेत.